ग्रंथालयाच्या रेंडरमधली झाडं, गाड्या आणि माणसं : प्रकल्प नोंदी

३ जून

ब्लेंडरमधलं इमारतीचं मॉडेल आज पक्कं झालं. तीन मजली ग्रंथालय, दर्शनी लांबी २२ मीटर, जोतं ०.४५ मीटर, मजल्याची उंची ३.६ मीटर, वर मीटरभराचा कठडा. म्हणजे जमिनीपासून एकूण सव्वाबारा मीटर. डावीकडून पाहिलं तर आधी सहा मीटरचा प्रवेशाचा भाग, मग पुस्तकसाठ्याची सात मीटर कोरी भिंत, त्यापुढे वाचनकक्षाच्या पाच मीटरच्या खिडक्या आणि उजव्या टोकाला उभ्या पट्ट्यांच्या लूव्हरांआडचा चार मीटर रुंद जिना.

झाडांच्या तयार मॉडेलांच्या लायब्ररीला हात लावण्याआधी आर्किटेक्ट मॅडमना एकच गोष्ट विचारली: या चित्रात काय झाकलं गेलं तर तुम्हाला चालणार नाही? त्यांनी नुसत्या इमारतीच्या करड्या रेंडरवर पेन्सिलने तीन जागा गोल केल्या. प्रवेशद्वार पायऱ्यांसकट, जिन्याचे लूव्हर, आणि खिडक्यांवरच्या छज्जाची सलग सावली. चौथी जागा त्यांनी बोलता बोलता सांगितली: छताची आडवी रेघ डावीकडून उजवीकडे कुठेही तुटू नये. कोऱ्या भिंतीबद्दल म्हणाल्या, "तिथे झाड आलं तर बरंच."

हा कागद आता मॉनिटरशेजारी चिकटवलाय. प्रत्येक झाड आणि प्रत्येक गाडी कुठे ठेवायची हे त्यावरूनच ठरेल.

कॅमेरा आजच कुलूपबंद केला. दर्शनी भिंतीपासून ३० मीटरवर, रस्त्यापासून १.६ मीटर उंच, २८ मिमी लेन्स, सेन्सरची रुंदी ३६ मिमी. कॅमेरा वर न झुकवता पूर्ण सपाट ठेवलाय आणि इमारतीचा माथा चौकटीत यावा म्हणून चौकट वर सरकवणारं `Shift Y` ०.१०९ दिलंय. त्यामुळे ३८४० बाय २१६० च्या चित्रात क्षितिजरेषा वरून १५०० व्या पिक्सेलवर येते. सपाट कॅमेऱ्याचा खरा फायदा परवा लागणार आहे.

५ जून

आज मोजपट्टी तयार केली. कॅमेरा सपाट आणि जमीन समतल असली की क्षितिजरेषा चित्रातल्या तेवढ्या उंच असलेल्या प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्याच उंचीवर छेदते. वस्तू जवळ असो की लांब, ती रेघ १.६ मीटरवरूनच जाते. म्हणून जमिनीवर कुठलाही बिंदू घ्या, तो क्षितिजाच्या जितके पिक्सेल खाली असेल तितके पिक्सेल म्हणजे त्या जागेपुरते १.६ मीटर.

```
पिक्सेल प्रति मीटर = (पायाचा y − क्षितिजाचा y) / 1.6
```

या लेन्सला ३० मीटरवर एका मीटरला जवळपास १०० पिक्सेल मिळतात, १५ मीटरवर २००, १२ मीटरवर २५०. बारा मीटरवर उभा असलेला १.७ मीटर उंचीचा माणूस ४२५ पिक्सेलचा होतो आणि भिंतीजवळचा १७० चा. दोघांच्याही डोळ्यांतून मात्र तीच क्षितिजरेषा जाते. चित्रात गर्दी असूनही सगळी डोकी साधारण एका ओळीत दिसतात, याचं कारण हेच. ती ओळ मोडली की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटायला लागतं.

सीनमध्ये १.७ मीटर उंचीचे साधे करडे ठोकळे दहा-बारा ठिकाणी उभे केले. रेंडर करून सूत्राशी ताडले. बरोबर आले. हे ठोकळे शेवटपर्यंत एका लपवलेल्या कलेक्शनमध्ये राहतील, शंका आली की चालू करायचे.

६ जून

गाड्यांची मॉडेलं तपासली. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या फायलींची एककं वेगवेगळी असतात. सेंटिमीटरमधली फाइल मीटर समजून उघडली की गाडी शंभरपट मोठी येते आणि ती चूक लगेच दिसते. घातक असते ती थोडीशी चूक. एका सेडानची लांबी ५.३ मीटर निघाली. डोळ्याला ती चांगली दिसत होती, पण साधारण सेडान साडेचार मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि १.४५ मीटर उंच असते. म्हणजे ही सगळ्या बाजूंनी सुमारे अठरा टक्के मोठी होती, आणि तिच्यामागची इमारत तेवढीच बुटकी दिसली असती.

```python
import bpy
for o in bpy.data.collections["vahane"].all_objects:
    print(o.name, [round(v, 2) for v in o.dimensions],
          [round(s, 3) for s in o.scale])
```

दुसरा आकडा `scale` चा. तिन्ही अक्षांवर तो सारखा नसेल तर कोणीतरी गाडी एकाच दिशेने ताणलेली आहे. लांबी बरोबर भरते, पण चाकं लंबगोल होतात. चाक हीच माझी दुसरी खूण: साध्या गाडीचं चाक टायरसकट सुमारे ०.६ ते ०.६५ मीटर व्यासाचं असतं. शेजारी १५ सेंटिमीटरचा कर्ब असेल तर चाक त्याच्या चौपट दिसायला हवं. एवढं जुळलं की गाडी जागेवर बसते.

आणि स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे, गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालली आहे, हे प्रकल्प ज्या देशातला आहे तिथल्या नियमाशी जुळलं पाहिजे. आरसा मारून उलटवलेल्या मॉडेलमध्ये नंबरप्लेटही उलटी होते.

९ जून

झाडं. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

लँडस्केपच्या नकाशात रस्त्याच्या कडेला, कॅमेऱ्यापासून १५ मीटरवर, एक झाड दाखवलंय. उंची १० मीटर, पानांचा घेर आडवा ६ मीटर, पहिली फांदी अडीच मीटरवर. सीनमध्ये ठेवलं आणि इमारतीची अर्धी बाजू गायब. कारण सरळ आहे. झाड कॅमेरा आणि भिंतीच्या बरोबर मधोमध असल्याने त्याचा ६ मीटरचा घेर भिंतीवरचे १२ मीटर झाकतो. जितकं झाड कॅमेऱ्याकडे सरकेल तितका हा गुणक वाढतो: भिंतीचं अंतर भागिले झाडाचं अंतर.

उंचीलाही हेच लागू, फक्त मोजायचं क्षितिजापासून.

```
भिंतीवरची उंची = 1.6 + (वस्तूची उंची − 1.6) × (भिंतीचं अंतर / वस्तूचं अंतर)
```

अडीच मीटरवरची फांदी भिंतीवर ३.४ मीटरवर पडते. म्हणजे तिच्याखालून तळमजला दिसतो, दार दिसतं. शेंडा मात्र १८.४ मीटरवर जातो आणि छताची रेघ मध्येच कापली जाते. मॅडमच्या कागदावरची चौथी अट इथे मोडते.

१० जून

मॅडमनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "झाड तीस टक्के लहान करा ना, सगळं दिसेल." बहुतेक ठिकाणी हेच केलं जातं. मला ते मान्य नाही, पण नुसतं "नको" म्हणण्यापेक्षा करून दाखवावं म्हणून त्यांच्यासमोरच स्केल ०.७ केलं.

झाड ७ मीटरचं झालं, घेर ४.२ वर आला, झाकलेली रुंदी १२ वरून ८.४ मीटर झाली. शेंडाही भिंतीवर १२.४ मीटरपर्यंत उतरला, पण छताच्या रेघेला अजून टेकलेलाच. आणि पहिली फांदी अडीच मीटरवरून १.७५ वर आली. तिची भिंतीवरची उंची झाली १.९ मीटर. दाराचा माथा आहे जोत्यासकट २.८५ वर. आधी पानांखालून पूर्ण दिसणारं दार आता वरून जवळपास मीटरभर पानांत गेलं. झाड लहान केल्याने प्रवेशद्वार जास्त झाकलं गेलं!

दुसरं नुकसान हळू लक्षात येतं. बुंधा, पानं, फांद्यांची जाडी सगळं ०.७ पट होतं. पूर्ण वाढलेल्या झाडाचा आकार आणि रोपाएवढी जाडी अशी जोडी खऱ्या झाडात नसते. बघणारा ते झाड पूर्ण वाढीचंच समजतो आणि त्याच्या मानाने इमारत मोजतो. मग तीन मजल्यांची इमारत चार मजल्यांची वाटते. उद्या प्रत्यक्ष बांधकामासमोर उभा राहिल्यावर त्याच माणसाला ती अपुरी वाटेल.

उलट दिशेनेही हेच होतं. लहान रोपाचं मॉडेल दुप्पट केलं की बारा सेंटिमीटरचं पान पाऊण फुटाचं होतं. म्हणून एकाच जातीच्या झाडांमध्ये फरक दाखवायला मी फार तर दहा-पंधरा टक्के स्केल हलवतो आणि उभ्या अक्षाभोवती फिरवतो. त्याहून वेगळं वय हवं असेल तर त्या वयाचं वेगळं मॉडेल.

मॅडमनी विचारलं, "मग करायचं काय?" झाडाची जागा बदलायची, फांद्यांची उंची बदलायची किंवा कॅमेरा बाजूला सरकवायचा. स्केलला हात नाही.

१२ जून

नकाशातलं ते झाड अजून लावलेलं नाही, म्हणून त्याची जागा बदलण्याची सूचना लँडस्केपवाल्यांना पाठवली होती. ती मान्य झाली. जागेवर आधीपासून असलेलं झाड असतं तर हा मार्ग बंद होता. जे उभं आहे ते चित्रातून काढणं म्हणजे परवानगी देणाऱ्याला आणि पैसे घालणाऱ्याला चुकीचं दाखवणं.

नवी जागा: भिंतीपासून ४ मीटर, म्हणजे कॅमेऱ्यापासून २६ मीटर, कोऱ्या भिंतीच्या बरोबर मध्यावर. घेराची त्रिज्या ३ मीटर असल्याने पानं आणि भिंत यांच्यात मीटरभर हवा राहते. आता ६ मीटरचा घेर भिंतीवर ६.९ मीटर झाकतो. कोरी भिंत सात मीटर. शेंडा ११.३ मीटरवर, म्हणजे छताची रेघ त्याच्या वरून सलग जाते. पहिली फांदी २.८ मीटरवर असलेलं मॉडेल निवडलं, त्यामुळे खाली सुमारे तीन मीटरपर्यंत मोकळं आणि जोत्याची रेघ बुंध्यामागून अखंड. तेच दहा मीटरचं झाड, स्केल १, आणि कागदावरच्या चारही जागा मोकळ्या.

चित्राला पुढच्या बाजूला थोडी चौकट हवी होती. त्यासाठी कॅमेऱ्यापासून ८ मीटरवर, डाव्या कडेला, एक उंच झाड ठेवलं. त्याची पहिली फांदी चार मीटरवर आहे, म्हणून पानांची खालची कड भिंतीच्या प्रतलावर १०.६ मीटरवर पडते. त्याच्या सगळ्या फांद्या इमारतीच्या डाव्या टोकाबाहेर, आकाशात राहतील असं फिरवून घेतलं. जवळचं झाड नेहमी जास्त झाकतं असं नाही. फांद्या पुरेशा वर असतील तर जवळचं झाड लांबच्या झाडापेक्षा कमी झाकतं. बुंधा मात्र फसवतो. तीस सेंटिमीटरचा बुंधा आठ मीटरवर असला तर भिंतीचे एक मीटरहून जास्त खातो, म्हणून तो इमारतीच्या रुंदीत येऊ द्यायचा नाही.

न हलणारं झाड असेल तेव्हासाठी एक टाचण: कॅमेरा बाजूला सरकवला की मधोमध असलेल्या झाडाची आडोशाची पट्टी भिंतीवर तेवढीच उलट दिशेला सरकते. कॅमेरा तीन मीटर उजवीकडे, पट्टी तीन मीटर डावीकडे. भिंतीजवळच्या झाडाला हा उपाय फारसा लागू पडत नाही. २६ मीटरवरच्या झाडाची पट्टी त्याच तीन मीटरला जेमतेम अर्धा मीटर हलते.

१६ जून

गाड्या ठेवल्या. आवारातल्या रस्त्यावर, कॅमेऱ्यापासून १५ मीटरवर. सेडानचा टप १.४५ मीटरवर, म्हणजे क्षितिजाच्या खाली. त्यामुळे ती कितीही जवळ आणली तरी भिंतीवर १.६ मीटरच्या वर काहीच झाकू शकत नाही. १५ मीटरवर ती १.३ मीटरपर्यंतच झाकते. हे ऐकायला चांगलं आहे, पण इमारतीचं जोतं आणि पायऱ्या त्याच पट्ट्यात आहेत, आणि साडेचार मीटरची आडवी गाडी भिंतीचे नऊ मीटर अडवते. इमारत जमिनीला कुठे टेकते ते दिसलं नाही तर ती तरंगते.

म्हणून एकच सेडान, खिडक्यांच्या भागासमोर, आणि तीही तिरकी पाठमोरी, जाताना दिसणारी. आडवी उभी न केल्यामुळे तिची रुंदी कमी झाली आणि पायऱ्यांपासून ती लांब राहिली. उंच एसयूव्ही काढून टाकली. १.७५ मीटरची गाडी त्याच जागी १.९ मीटरपर्यंत चढते, म्हणजे खिडकीच्या तळाच्या वर.

मॅडमना कॅमेरा १.२ मीटरवर आणून इमारत अधिक भव्य दाखवून पाहायची होती. तसं केलं तर तीच सेडान क्षितिजाच्या वर येते आणि १.७ मीटरपर्यंत झाकते, शिवाय सगळी माणसं क्षितिजाच्या वर डोकं काढतात. कॅमेरा खाली नेला की समोरच्या प्रत्येक वस्तूचा आडोसा उंच होतो. १.६ वरच राहायचं ठरलं.

रंगाबद्दल एवढंच: लाल गाडी ठेवली की नजर तिथे जाते. करडी ठेवली.

१७ जून

माणसं. तीन गट: दोघं पायऱ्यांकडे चालत येणारी, एकजण जोत्यावर दाराजवळ, आणि एक बाई लहान मुलासोबत फुटपाथवर. कोणीही कॅमेऱ्याकडे बघत नाही, सगळ्यांचा रोख दाराकडे, म्हणजे बघणाऱ्याची नजरही तिकडे जाते.

डोकी क्षितिजावर हा नियम समतल जमिनीपुरता आहे, हे जोत्यावरच्या माणसाशी लक्षात ठेवावं लागतं. तो ०.४५ मीटर वर उभा आहे. ३० मीटरवर त्याचे पाय क्षितिजाच्या ११५ पिक्सेल खाली आणि डोकं ५५ पिक्सेल वर. एकूण १७० च, पण ओळीच्या वर. त्याचं डोकं ओळीत बसवायचं म्हणून त्याला खाली खेचलं तर पाय जोत्यात रुततात, आणि लहान केला तर दार अवाढव्य दिसतं. मुलाची उंची ११५ सेंटिमीटर धरली आहे, त्याचं डोकं ओळीच्या बरंच खाली.

दोघं चालणारे थ्रीडी न घेता कटआउट, म्हणजे फोटोतून कापलेली सपाट माणसं, घेतलेत. कटआउटचा फोटो कोणत्या उंचीवरून काढला होता हे बुटांवरून कळतं. बुटांचा वरचा भाग आणि खांदे वरून दिसत असतील तर तो गॅलरीतून काढलेला फोटो आहे, १.६ मीटरच्या कॅमेऱ्यात तो माणूस उताराला उभा असल्यासारखा दिसेल. असे दोन कटआउट बाजूला ठेवले. निवडलेल्यांच्या चेहऱ्यावरचा प्रकाश डावीकडून आहे, आमचा सूर्यही डावीकडे. प्रकाश उलटा असेल आणि कपड्यांवर अक्षरं नसतील तरच आरसा मारायचा.

माणसं चौकटीच्या कडेला ठेवली नाहीत. २८ मिमी लेन्सला आडव्या टोकाशी वस्तू सुमारे १९ टक्के रुंद होते. थ्रीडी माणूस तिथे जाडजूड दिसतो आणि गाडी ताणलेली. मध्यापासून अर्ध्या अंतरापर्यंत हा फरक पाच टक्क्यांच्या आसपास, तो खपतो. कडेची जागा झाडाच्या फांद्यांना दिली, फांदी ताणली गेलेली कोणाला कळत नाही.

१९ जून

सावलीसुद्धा डिझाइन झाकते. आज दिवसभर तेच काम.

सूर्य ४० अंश उंचीवर आहे. तो भिंतीच्या अगदी समोर ठेवला तर ४ मीटरवरच्या झाडाची सावली भिंतीवर ३.४ मीटर खाली घसरते, म्हणजे शेंड्याची सावली ६.६ मीटरवर आणि त्याखाली सगळी कोरी भिंत काळवंडलेली. सूर्य ४५ अंश डावीकडे नेल्यावर सावली चार मीटर उजवीकडे सरकली आणि माथा ५.२५ मीटरपर्यंत उतरला. आता ती अर्धी कोऱ्या भिंतीवर, अर्धी तळमजल्याच्या खिडक्यांवर पडते. पहिल्या मजल्याचा छज्जा साडेसहा मीटरवर आहे, त्याची सलग सावली शाबूत राहिली. प्रवेशद्वार सूर्याच्या बाजूला असल्याने झाडाच्या सावलीतून सुटलं. झाड दाराच्या डावीकडे असतं तर याच सूर्याने दार अंधारात गेलं असतं. हा सूर्य त्या जागेच्या अक्षांशावर खरोखर येणारा आहे हे तारीख आणि वेळ टाकून पडताळलं.

कॅमेऱ्याच्या मागे दोन झाडं ठेवली आहेत, चित्रात न दिसणारी. त्यांची सावली पुढच्या रिकाम्या डांबरावर पडते आणि काचेत त्यांची प्रतिबिंबं येतात. नाहीतर काचेत नुसतं आकाश दिसत होतं. चौकटीतल्या एखाद्या झाडाचं `Ray Visibility` मधलं `Camera` बंद करून फक्त सावली ठेवण्याचा मार्गही असतो. तो मी वापरत नाही. सावलीचं मूळ जमिनीवर चौकटीतच दिसतं आणि तिथे बुंधा नसतो.

कटआउटच्या पायाखाली टाचेला चिकटलेली गडद, अरुंद सावली हाताने रंगवली, आणि मग लांब मऊ सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेने. पहिली नसेल तर माणूस जमिनीपासून वर उचललेला दिसतो.

२३ जून

पाठवण्याआधीची तपासणी. नुसत्या इमारतीचं करडं रेंडर आणि पूर्ण चित्र एकावर एक ठेवून चालू-बंद केलं, मॅडमचा कागद शेजारी. पायऱ्या तिन्ही दिसतात. लूव्हर सगळे मोजता येतात. छज्जाची सावली अखंड. छताची रेघ अखंड. जोत्याची रेघ फक्त गाडीमागे तुटते.

मग १.७ मीटरचे ठोकळे चालू केले. बाईच्या कटआउटचं डोकं ठोकळ्याच्या थोडं वर निघालं, पायाचा बिंदू फुटपाथच्या १५ सेंटिमीटर वरच्या पातळीवर आहे म्हणून. तो फरक बरोबर आहे, तसाच ठेवला.

झाडं, गाड्या, माणसं आणि सावल्या वेगवेगळ्या थरांत दिल्या आहेत. प्रत्येक वस्तू वेगळी निवडू देणारा क्रिप्टोमॅटचा पासही सोबत आहे, म्हणजे मॅडमना एखाद्या झाडाचा हिरवा रंग कमी करायचा झाला तर इमारतीला धक्का न लावता करता येईल. फाइलसोबतच्या टिपेत एक ओळ लिहिली आहे: वस्तू हलवायची असेल तर कळवा, पायाच्या नव्या जागेनुसार तिचा आकार पुन्हा काढावा लागेल, थर पकडून नुसता सरकवू नका.

मॅडमचा निरोप आला. फुटपाथवरची बाई आणि मूल दोन मीटर पुढे हवेत. उद्या नवीन y वरून आकार काढून बसवतो.